हूं म्हणा, साहेब

मोहगावच्या शाळेत एका पंधरा ऑगस्टला देवीदास कामडे नावाचा सातवीतला मुलगा भाषणाला उभा राहिला, ‘आदरणीय अध्यक्ष महोदय’ एवढं म्हणाला आणि थांबला. पुढचं सगळं भाषण त्याला तोंडपाठ होतं. सकाळी विहिरीवर त्याने ते एका दमात म्हणून दाखवलं होतं. पण टेबलामागे बसलेले सरपंच, त्यांची टोपी आणि समोरची गर्दी पाहिली आणि भाषण कुठल्या कुठे गेलं. त्याने पुन्हा ‘आदरणीय अध्यक्ष महोदय’ म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं. मास्तरांनी बखोट धरून खाली उतरवलं, तेव्हाही तो तेच म्हणत होता.

गावाला काय, एवढं पुरतं. त्या दिवसापासून देवीदासचं नाव अध्यक्ष पडलं. त्याचं लग्न झालं तेव्हा वरातीत पोरं ‘अध्यक्ष आले, अध्यक्ष आले’ म्हणून नाचली. बायकोला, म्हणजे इंदूला, वाटलं की आपण कुठल्या तरी सोसायटीच्या मोठ्या माणसाच्या घरात पडलो. खरी गोष्ट तिला नणंदेने पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि रंगवून सांगितली.

पुढे सौसरजवळ बोरगावला कारखाने आले. त्यातल्या एका सुताच्या कारखान्यात देवीदास लागला. मोहगाव मागे पडलं, सौसरला भाड्याची खोली झाली, आणि कारखान्यात त्याला कोणी अध्यक्ष म्हणत नव्हतं. तिथे तो कामडे होता. हातगाड्या, त्यांची चाकं आणि बिघडलेली दारं यांचा माणूस. हे साधं आडनाव त्याला फार प्रिय होतं. ते टिकावं म्हणून तो युनियनच्या सभेत मागे बसे आणि कोणी ‘कामडे, तुमी बोला’ म्हटलं की खोकला काढे.

शहाऐंशी साली कारखान्यात गुणवत्ता मंडळ नावाची गोष्ट आली. जपानात कामगार बसून विचार करतात, असं मोठ्या साहेबांनी कुठेतरी ऐकलं होतं. मग आपल्या कामगारांनीही बसून विचार करावा असा हुकूम निघाला. दर शनिवारी शेवटचा एक तास विचार करायचा. विचाराबरोबर चहा आणि दोन बिस्किटं मिळत, त्यामुळे मंडळं भराभर तयार झाली.

देवीदासच्या मंडळाने विषय घेतला तो मळलेल्या कोनांचा. सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेल्या निमुळत्या नळ्या, हातगाडीवर रचून पॅकिंगला जात आणि वाटेत खाली पडून मळत. ते का पडतात हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. दोन खात्यांमधल्या दाराला जाडजूड उंबरठा होता आणि गाडी त्याच्यावर आपटत होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि विचार करणं वेगळं. मंडळाने आधी माशाच्या काट्यासारखा एक तक्ता काढला. प्रत्येक काट्यावर एकेक कारण लिहायचं असतं. माणूस, यंत्र, माल, पद्धत असे काटे भरता भरता हिवाळा सरला. मंडळाचे प्रमुख श्रीधरबापू माळकरी; दर शनिवारी माशाचा काटा काढायचा म्हणून सुरुवातीला ते तक्त्याकडे पाठ करून बसत. शेवटी सगळे काटे उंबरठ्यापाशी आले. मग देवीदासने एका दुपारी उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उताराच्या फळ्या ठोकल्या आणि कोन पडायचे थांबले.

आता याचं सादरीकरण करायचं होतं. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या साहेबांसमोर, साऱ्या अधिकाऱ्यांसमोर, तक्ते टांगून, हातात छडी घेऊन, आणि साहेबांना कळावं म्हणून हिंदीतून. मंडळाच्या वतीने श्रीधरबापूच बोलणार हे ठरलेलं होतं, कारण ते कुठेही बोलत. तेराव्याच्या जेवणातसुद्धा त्यांनी दोन शब्द बोलल्याशिवाय पत्रावळ उचलली जात नसे. पण नेमके त्याच महिन्यात त्यांचे वरचे पुढचे दात काढले गेले आणि नवी कवळी नागपुरात अडकली. बापू बोलले की शिट्टी वाजे.

“देवीदास बोलन,” बापू शिट्टीसकट म्हणाले. “फळ्या त्यानंच ठोकल्या. मी भाषण लिहून देतो, त्यानं फक्त म्हणाचं.”

देवीदासने खोकला काढला. पण तो खोकला या वेळी कोणी मनावर घेतला नाही.

त्या दिवसापासून साहेबांची गाडी नुसती फाटकातून आत आली तरी तळहात ओले व्हायचे. बापूंनी लिहून दिलेलं चार पानी भाषण ‘परम श्रद्धेय’पासून सुरू होत होतं आणि तिसऱ्या पानापर्यंत कोणाकोणाचे आभार होते. देवीदास ते पाठ करू लागला, आणि जसजसं पाठ होत गेलं तसतशी भीती वाढत गेली. सातवीतही ते पाठच तर होतं! या वेळी अडकलो तर बोरगावलाही नाव पडणार, आणि तिथून पळून जायला तिसरं गाव नव्हतं.

भित्र्या माणसाला सल्ला द्यायला सगळं जग मोकळं असतं. एक जण म्हणाला, जामसावळीच्या हनुमानाला नारळ बोल. देवीदास बोलला. नारळ बोलताना मात्र आवाज ठणठणीत निघाला. दुसरा म्हणाला, जायच्या आधी दोन घोट मार. तिसरा म्हणाला, समोर माणसं नाहीत, वांगी मांडून ठेवली आहेत असं समज. देवीदासने प्रयत्न केला, पण मोठ्या साहेबांचं वांगं चष्म्यातून त्याच्याकडेच बघत राहिलं.

चौथा सल्ला कॅन्टीनच्या चिंधूचा होता. चिंधूने पांढुर्ण्याला योगाचं एक शिबिर पाहिलं होतं, म्हणजे शिबिरात चहा दिला होता. “श्वास घ्या, कामडेभाऊ. जोरजोरात. भात्यासारखा. भीती पळते ना मंग.” देवीदासने दुसऱ्या दिवशी बसमध्येच भाता सुरू केला. थोड्या वेळाने बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो शेजारच्या बाईच्या संत्र्याच्या टोपलीवर आडवा झाला. कंडक्टरने बस थांबवली. कोणी म्हणालं मिरगी, कोणी म्हणालं चप्पल हुंगवा. कारखान्यात पोचेपर्यंत ही बातमी त्याच्या आधी पोचली होती.

तिथून गोष्ट गेली जयश्री मॅडमच्या कानावर. जयश्री मॅडम नागपूरच्या. कामगारांच्या प्रशिक्षणाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी देवीदासला बोलावलं, दोन चहा मागवले आणि बसमधली हकीकत सगळी ऐकून घेतली. हसल्या, पण बेताने.

“कामडे, तुम्ही भीती पळवायला निघालात, ती पळत नाही,” त्या म्हणाल्या. “मला आजही वाटते. उभं राहायच्या आधी पोटात गोळा येतोच. त्याच्यासकट बोलायचं असतं. आणि भरभर श्वास घेतला तर चक्करच येणार. चहा कसा पिता तुम्ही?”

“बशीत ओतून.”

“गरम असला तर?”

“फुंकर मारतो.”

“मग मारा. घाईने मारली तर चहा सांडेल. हळू, लांब फुंका.”

देवीदासने बशी उचलली आणि फुंकर मारली. मॅडमनी त्याला पुन्हा फुंकायला लावलं. श्वास आत घ्यायचा तो नाकाने, शांतपणे, पोट फुगेल असा; खांदे वर जाता कामा नयेत. आणि सोडायचा तो घेतल्यापेक्षा सावकाश, बशीतल्या चहावर सोडतो तसा. चहा निवेपर्यंत देवीदासचे खांदे खाली आले होते, आणि त्याला ते आधी वर होते हेसुद्धा तेव्हाच कळलं.

“हे रोज करायचं. भीती वाटत नसतानाही करायचं, म्हणजे वाटेल तेव्हा जमेल.” मग त्यांनी बापूंचं भाषण मागितलं, वाचलं, घडी केली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. “हे पाठ करू नका. एक शब्द गेला की सगळं जातं. पहिली दोन वाक्यं तेवढी पक्की करा. बाकीचं तुमच्या तक्त्यांवर आहेच. तक्त्याकडे बघा आणि काय झालं ते सांगा. उभं राहून सांगा, मोठ्याने सांगा, आणि जिवंत माणसाला सांगा. भिंतीला सांगू नका. रोज सांगा. आणि शेवटी एकदोनदा हॉलमध्ये जाऊन सांगा, म्हणजे जागेची सवय होते.”

हॉलमध्ये जाऊन सांगायचं राहूनच गेलं. हॉलची किल्ली मिळायला अर्ज लागत होता. अर्ज देखभाल खात्याकडे गेला, तिथून सुरक्षा खात्याकडे, आणि सुरक्षा खात्याने विचारलं की जेवणाच्या हॉलमध्ये जेवणाशिवाय काय काम आहे. उत्तर तयार होत होतं तेवढ्यात कार्यक्रमच आला.

जिवंत माणूस मात्र घरात होतं. देवीदासने संध्याकाळी इंदूला समोर बसवलं. ती तांदूळ निवडत होती. त्याने भिंतीवर तक्त्याच्या जागी कॅलेंडर टांगलं, हातात लाटणं घेतलं आणि सुरू केलं, “साहब लोगों को मेरा नमस्कार. हम आपको एक दरवाजे की बात बताते हैं.”

“हूं,” इंदू म्हणाली.

देवीदास थांबला. “काय झालं?”

“काई नाई. तुमी सांगा ना. हूं म्हणून राहिली मी.”

इंदूच्या माहेरी कापूस वेचताना तिचे वडील गोष्टी सांगत. गोष्टीचा कायदा असा की ऐकणाऱ्याने दर वाक्याला हूं म्हणायचं. हूं थांबलं की सांगणारा समजायचा, पोरं पेंगली किंवा पळाली, आणि गोष्ट तिथेच बंद. इंदू भावंडांत सगळ्यांत पक्की हूंवाली होती. हूं न म्हणता ऐकायचं कसं हे तिला माहीतच नव्हतं.

आणि हे देवीदासला फार मानवलं. तो एक वाक्य बोले. इंदू हूं म्हणे. तेवढ्यात त्याला श्वास सोडायला जागा मिळे, लाटणं पुढच्या काट्यावर न्यायला वेळ मिळे. ती मध्येच “काहून बाप्पा?” विचारी आणि त्याला समजावून सांगावं लागे. कधी कुकरची शिट्टी होई, कधी शेजारची मंगला विरजण मागायला येई आणि तीही उभ्याउभ्या ऐकून जाई. देवीदास अडखळे, फुंकर मारी आणि पुढे जाई. होता होता उंबरठ्याची गोष्ट अशी सुरेख जमली की एके दिवशी मंगलाने विचारलं, “मंग त्या उंबरठ्याचं काय झालं?” देवीदासला वाटलं, जिंकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल फुलांच्या माळांनी सजला होता. मोठ्या साहेबांना हार घातला, त्यांच्या खालच्या साहेबांना त्याहून बारीक हार घातला, आणि असा हार बारीक होत होत शेवटी एकेका फुलावर आला. मग दीप पेटेना, मग पेटला. ‘वेळ मौल्यवान आहे’ या विषयावर एक साहेब बराच वेळ बोलले. देवीदास भिंतीशी उभा होता. पोटात गोळा आला. त्याने तो येऊ दिला. तळहात पँटला पुसले, नाकाने श्वास घेतला आणि बशी नसताना हळूहळू फुंकर सोडली. शेजारी बापू तोंडावर रुमाल धरून उभे होते. त्यांना वाटलं हा शिट्टीची नक्कल करतो आहे.

नाव पुकारलं. देवीदास पुढे गेला, तक्ते नीट केले, छडी घेतली. आवाज निघाला.

“साहब लोगों को मेरा नमस्कार. हम आपको एक दरवाजे की बात बताते हैं.”

आणि तो थांबला.

हूं आलं नाही.

समोर साहेब लोक बसले होते, हाताची घडी घालून, चेहरे सरळ. साहेब लोक हूं म्हणत नसतात. त्यांना तेवढ्यासाठी पगार नसतो. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. देवीदास हूंची वाट पाहत राहिला. महिनाभर त्याचं प्रत्येक वाक्य त्या हूंच्या खांद्यावर पाय ठेवून पुढे गेलं होतं, आणि आता पाय हवेत होता. तक्ता समोर होता, पण तो नुसता कागद दिसत होता. आणि खोल कुठूनतरी, मोहगावच्या शाळेतून, ते शब्द वर यायला लागले. ओठ ‘आदर’पर्यंत पोचलेसुद्धा.

हॉलच्या मागच्या टोकाला कोणीतरी खुर्ची सरकवली. जयश्री मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी काही खुणावलं नाही, फक्त हातातल्या बशीवर, चहा कधीच संपलेल्या बशीवर, फुंकर मारली.

देवीदासने तोंड मिटलं. नाकाने श्वास घेतला आणि लांब सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. खांदे खाली आले. पायाखालची फरशी त्याला लागली. तक्त्यावरचा मासा पुन्हा मासा झाला. भीती होती, जशीच्या तशी होती, पण आता ती बाजूला उभी राहून बघत होती. देवीदासने मोठ्या साहेबांकडे पाहिलं आणि घरात म्हणावं तसं, अगदी सहज म्हणून गेला, “हूं म्हणा ना, साहेब.”

खालच्या साहेबांच्या अंगावर काटा आला. एकाने डोळे मिटून घेतले. बापूंनी रुमाल तोंडात कोंबला. मोठे साहेब कानपूरकडचे. त्यांनी चष्मा काढला.

“क्या कहा?”

देवीदासच्या तोंडून आता शब्द गेले होते आणि परत घेता येत नव्हते. त्याने आणखी एक श्वास सोडला आणि म्हणाला, “साहब, हमारे इधर बात ऐसे बताते हैं. सुनने वाला हूं बोलता है, तो बोलने वाले को पता चलता है कि वो अकेला नहीं है.”

साहेबांचा चेहरा हलला. त्यांच्या आजोळी गोष्टी सांगणारी कोणी म्हातारी असेल, कोण जाणे. चष्मा घातला आणि म्हणाले, “हूं.”

झालं. मोठे साहेब हूं म्हणाले म्हटल्यावर दुसऱ्या साहेबांनी हूं म्हटलं. तिसऱ्यांनी दोनदा म्हटलं. दारात ट्रे घेऊन उभा राहिलेला चिंधू तर असा हूं म्हणाला की ट्रेमधले कप वाजले. देवीदासने छडी पहिल्या काट्यावर ठेवली. माणूस. हूं. यंत्र. हूं. साहेबांचं हूं आधी आणि बाकीच्यांचं हुद्द्याप्रमाणे मागून, असा सगळा मासा संपला. गाडी उंबरठ्यावर आपटली तेव्हा सगळा हॉल हळहळला, आणि फळ्या ठोकल्या तेव्हा तर एका साहेबांनी टाळीच वाजवली. मोठे साहेब वाजवत नाहीत हे बघून त्यांनी दुसरा हात खिशात घातला.

शेवटी मोठ्या साहेबांनी विचारलं, “दो तख्तों के लिए छह महीने?”

हॉल गार झाला. प्रश्न आला की आधी श्वास, मग उत्तर, हे मॅडमनी बजावलं होतं. देवीदासने श्वास सोडला. “साहब, तख्ते एक दोपहर में लगे. छह महीने हम डरते रहे कि बिना पूछे कैसे लगाएं.”

साहेबांनी चष्मा पुन्हा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, “हूं.”

बक्षीस म्हणून स्टीलचा एक डबा मिळाला, झाकणावर कंपनीचं नाव कोरलेला. कारखान्याने ते प्रकरण तिथेच सोडलं नाही. महिनाभरात परिपत्रक निघालं की यापुढे प्रत्येक सादरीकरणात श्रोत्यांनी योग्य वेळी हुंकार द्यावा, आणि त्याची जबाबदारी संबंधित खातेप्रमुखाची राहील. जयश्री मॅडमनी ते फलकावर लावलं, आणि हसू आवरण्यासाठी त्यांना दोनदा फुंकर मारावी लागली.

देवीदास त्या संध्याकाळी घरी आला तो जमिनीवर पाय न टेकता. डबा इंदूच्या हातात दिला आणि ताटावर बसल्याबसल्या सगळं सांगितलं. हार कसे बारीक होत गेले, पंख्याचा आवाज कसा आला, हूं कसं आलंच नाही. इंदू भाकरी करत होती आणि दर वाक्याला हूं म्हणत होती. साहेबांना हूं म्हणायला लावलं हे ऐकून तिने तवा तसाच ठेवला आणि पदराने डोळे पुसले. “आता कोन म्हणते अध्यक्ष, पाहतो मी,” देवीदास म्हणाला. तसं मोहगावला लोक आजही म्हणतात. पडलेलं नाव उचलता येत नाही. पण आता तो वळून ‘ओ’ देतो.

जेवण झालं. देवीदासने डबा भिंतीतल्या फळीवर मांडला, जरा मागे होऊन पाहिला, मग कंपनीचं नाव पुढे येईल असा फिरवला.

“मले बी सांगाचं होतं काई,” मागून इंदू म्हणाली. “आज सुनंदा आली होती शिलाईच्या वर्गातली. तिथं शिकवाले बाई पायजे म्हणते. मी जाऊ का म्हणून विचारून राहिली होती.”

देवीदास डबा आणखी थोडा फिरवत होता.

इंदू थांबली. खोलीत काही आवाज नव्हता. तवा निवत होता. तिने हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं, आणि तिचं तोंड मिटत गेलं.

देवीदासचा हात डब्यावर थांबला. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. दुपारीच त्याने ती पाहिली होती, समोरून. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि या घरात त्याने आजवर एकदाही हूं म्हटलं नव्हतं.

तो वळला, इंदूसमोर खाली बसला आणि म्हणाला, “हूं. मंग?”